तेल दिसलं म्हणजे मसाला झाला, असं नाही: कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात या चुका टाळा

"मसाला तेल सुटेपर्यंत परतून घ्या" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पाककृतीत असतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. कारण कढईत तेल दोनदा दिसतं. टोमॅटो घातल्यावर थोड्याच वेळात त्याला भरपूर पाणी सुटतं आणि तेल त्या पाण्यावर तरंगायला लागतं. हा नुसता तवंग. मधल्या वेळात तो मसाल्यात मिसळून गेल्यासारखा दिसेनासा होतो. मग पाणी आटत आलं की घट्ट मसाल्याच्या अंगातून, कढईच्या कडेने, तेल पुन्हा झिरपू लागतं. आपल्याला हवं असतं ते हे दुसरं तेल. पहिलं बघूनच चिकन नाहीतर उकडलेली अंडी आत टाकली, की रस्सा पातळ, फिका आणि कच्च्या कांद्याच्या वासाचा होतो.

गोव्यातल्या आपल्या घरांत हा गोंधळ जरा जास्तच होतो, कारण आपला हात नारळाच्या वाटपावर बसलेला असतो. हुमण असो वा तोणाक, तिथे वाटप घालायचं, उकळी काढायची, झालं. कांदा-टोमॅटोचा मसाला तसा वागत नाही. त्यात शिजवण्यापेक्षा आटवण्याचं काम मोठं असतं.

चौघांना पुरेल असा मसाला धरू या: मध्यम आकाराचे ३ कांदे म्हणजे साधारण ३०० ग्रॅम, तेवढेच टोमॅटो, ३ मोठे चमचे तेल आणि १ मोठा चमचा आलं-लसणाचं वाटण. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असतं, टोमॅटोत त्याहूनही जास्त. म्हणजे या ६०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास नुसतं पाणीच. ते कढईत भरपूर आहे तोवर मसाल्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, मग गॅस कितीही मोठा करा. म्हणजे मसाला उकडतो, परतला जात नाही. शिवाय वाटलेला किंवा गळलेला कांदा आणि टोमॅटोचा गर तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतात. पाणी उडालं की ही पकड सुटते आणि तेल बाहेर येतं. तेल सुटणं ही पाणी संपत आल्याची खूण आहे, आणि म्हणूनच आपण तिची वाट बघतो. खरा मसाल्याचा खमंगपणा त्यानंतरच येतो.

ही खूण डोळ्यांआधी कानाला कळते. सुरुवातीला मसाला फदफदतो, मोठे बुडबुडे फुटून शिंतोडे उडतात. पाणी कमी होत गेलं की आवाज बदलतो आणि तेलात काहीतरी तळल्यासारखी बारीक चरचर ऐकू येते. बुडबुडेही लहान आणि दाट होतात. त्याच सुमारास टोमॅटोचा आंबट कच्चट वास जाऊन गोडसर वास येतो, आणि रंग केशरीवरून गडद तांबडा होतो.

तरीही शंका राहिलीच, तर एक साधी परीक्षा आहे. फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाचीने रविवारी चिकन करताना फोनवर विचारलं, "मावशी, तेल सुटलंय बघ. घालू का चिकन?" फोटोत खरंच तेल चमकत होतं. मी म्हटलं, "थांब गो, कालथ्याने मधोमध रेघ ओढ आणि त्या रेघेत काय भरतंय ते सांग." ती म्हणाली, "मसालाच परत वाहून आला." म्हणजे अजून पाणी होतं. झाकण काढून, मंद ते मध्यम आचेवर आणखी सहा-सात मिनिटं परतल्यावर रेघ तशीच राहिली आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी तेल उतरलं. मसाला कढईला न चिकटता कालथ्याबरोबर एका गोळ्यासारखा सरकू लागला. तेव्हा चिकन आत गेलं.

आता चुकांकडे. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कांदा अर्धवट असतानाच टोमॅटो घालणं. टोमॅटोच्या आंबटपणामुळे कांदा मऊ व्हायला वेळ लागतो. आधी नीट न गळलेला कांदा टोमॅटोत पडला, की तासभर उकळलं तरी दाताखाली येतो. म्हणून बारीक चिरलेला कांदा चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर आधी पुरता मऊ होऊ द्या, मग कडा तांबूस होईपर्यंत परता. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. "पाच मिनिटांत ग्रेव्ही" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. हीच गोष्ट सोलांची किंवा माडाच्या विनेगरची: आंबट काही घालायचंच असेल तर कांदा पुरता झाल्यावर, आणि शक्यतो शेवटी. टोमॅटो आधीच आंबट असतील तर सोलं घालूच नका.

कच्चा कांदा मिक्सरमधून काढून थेट तेलात टाकणंही टाळा. तो बऱ्याचदा कडवट लागतो, आणि त्याचं पाणी उडेपर्यंत अंगावर शिंतोडे घेत उभं राहावं लागतं. गुळगुळीत रस्सा हवा असेल तर कांदा-टोमॅटो चिरूनच परता, निवल्यावर वाटा. पण वाटल्यावर एक गोष्ट होते, जी बघून पुष्कळजण घाबरतात: गडद मसाला एकदम फिका, गुलाबीसर केशरी होतो आणि सुटलेलं तेल गायब होतं. मिक्सरच्या पात्यांनी तेल मसाल्यात बारीक फेटलं जातं, थोडी हवाही मिसळते, म्हणून तसं दिसतं. बिघडलं काहीच नाही. पण तो तसाच रश्श्यात ओतायचा नाही, कढईत पुन्हा पाच-सात मिनिटं परतायचा. रंग परत येतो, तेलही परत सुटतं.

दुसरी नेहमीची चूक नारळाची. आपल्याकडे रश्श्यात खोबरं नसलं की जेवण अपुरं वाटतं, त्यामुळे कांदा-टोमॅटो पुरता झालेला नसतानाच खवलेल्या नारळाचं वाटप आत जातं. ओल्या नारळात स्वतःचं भरपूर तेल असतं. वाटप तापलं की ते वर येतं आणि "सुटलं बाई तेल" असा समज होतो. ते नारळाचं तेल असतं, मसाल्याचं नव्हे. वरून वाटपाचा चोथा तळाला चिकटतो, त्यामुळे मसाला यापुढे परतताही येत नाही. क्रम सोपा ठेवा: आधी कांदा-टोमॅटोचं तेल सुटू द्या, मग वाटप घाला आणि तेही दोन-तीन मिनिटं परता, मग पाणी. नारळाचा रस घालणार असाल तर अगदी शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळला तर फाटतो.

आचेबद्दल थोडक्यात. गॅस मोठा केला की पाणी लवकर उडेल हे खरं, पण मसाला घट्ट होत आल्यावर मोठ्या आचेवर तो तळाला लागतो आणि वरच्या थरात पाणी तसंच राहतं. करपलेल्या थराभोवती तेल दिसतं खरं, पण तो पुरता झाला म्हणून नव्हे. टोमॅटो घातल्यावर पहिली पाच मिनिटं झाकण ठेवायला हरकत नाही, गर लवकर गळतो. त्यानंतर झाकण काढाच, नाहीतर वाफ झाकणावर जमून थेंब थेंब परत कढईतच पडते.

तिखट, धणेपूड, हळद ही कोरडी पूड नेमकी कधी? आलं-लसणाचा कच्चा वास गेल्यावर, टोमॅटोच्या आधी, गॅस बारीक करून. हाताशी दोन चमचे पाणी ठेवा आणि पूड घातल्या घातल्या ते शिंपडा. कोरड्या तापल्या तेलात मिरचीपूड काही सेकंदांत काळी पडते, आणि तो कडवटपणा नंतर कशानेच जात नाही.

कमी तेलात करणाऱ्यांनी मात्र तेल दिसायची वाट बघू नये. एवढ्या मसाल्याला एक चमचा तेल घेतलंत तर मसाला कितीही परता, कडेला तेल दिसणारच नाही. जे थोडं सुटेल ते गरच शोषून घेईल. मग वाट बघता बघता मसाला करपतो. इथे रेघ, आवाज आणि वास यांवरच विसंबायचं. मसाला कोरडा पडून चिकटायला लागला तर तेल वाढवण्याऐवजी चमचाभर गरम पाणी शिंपडा, तळाचा खमंग थर कालथ्याने खरवडून घ्या आणि ते पाणी उडेपर्यंत परता. असं दोन-तीनदा केलं की थोड्या तेलातही मसाला छान गडद होतो. खवळणाऱ्या आचेवर एकदाच भाजण्यापेक्षा मला तर हीच पद्धत जास्त पटते. तळ काळा झाला असेल तर मात्र खरवडू नका. वरचा चांगला मसाला दुसऱ्या भांड्यात काढा आणि काळं तिथेच सोडा.

आणि चिकन शिजल्यावर कळलं, की रश्श्याला कच्च्या कांद्याचा वास येतोय? तो नुसता उकळत ठेवून खमंग होणार नाही, कारण रश्श्यात पाणी आहे आणि पाण्यात मसाला तळला जात नाही. चिकनचे तुकडे बाजूला काढा. दुसऱ्या कढईत चमचाभर तेलात एक बारीक कांदा खरपूस तांबूस करा, त्यात रस्सा डावाडावाने घालून प्रत्येक वेळी आटू द्या. पूर्ण रस्सा आत गेला की तुकडे परत सोडा. चव शंभर टक्के पहिल्यासारखी होणार नाही, पण जेवण वाचतं.

पाणी घातल्यावर सुटलेलं तेल पुन्हा दिसेनासं झालं तर काळजी नको. रस्सा मंद आचेवर दहा मिनिटं रटरटला की तवंग वर येतो. आणि मसाला जास्त करून फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर पाणी नीट उडालेलाच ठेवा, पूर्ण निववून, कोरड्या डब्यात, तीन-चार दिवसांपुरता. खोबरेल तेलात केला असेल तर वर पांढरा थर घट्ट बसतो. तो मसाला खराब झाल्याची खूण नाही, थंडीने गोठलेलं तेल आहे. वापरताना आधी तो थर कढईत वितळू द्या आणि मग बाकीचा मसाला घाला.