मृत्युपत्रातील एक वाक्य मी कसे दुरुस्त केले

माझ्या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, 'माझे घर पत्नीला द्यावे व तिच्यानंतर ते दोन्ही मुलांना मिळावे.' वकिलांनी त्यातला दोष दाखवला: 'पत्नीला द्यावे' या शब्दांनी तिला पूर्ण मालकी मिळते असा अर्थ लावता येतो, आणि तसे झाल्यास ती घर विकू शकते व पुढचा भाग निरर्थक ठरू शकतो.

म्हणून मी क्रम उलटा केला. मालकी माझ्या मृत्यूपासूनच दोन्ही मुलांना समान हिश्श्याने दिली. पत्नीला मात्र हयातभर राहण्याचा हक्क ठेवला आणि तो हक्क असेपर्यंत मुलांनी तिच्या लेखी संमतीशिवाय घर विकू, गहाण ठेवू किंवा वाटून घेऊ नये, असे स्पष्ट लिहिले.

खरा वेळ गेला तो खर्चाच्या कलमावर. कर व किरकोळ दुरुस्ती पत्नीकडे, छत किंवा पायासारखे मोठे काम मुलांकडे, असे ठरले. तिला कायमचे शुश्रूषागृहात जावे लागल्यास घर भाड्याने देऊन ते भाडे तिलाच मिळावे, हेही जोडले. कारण नुसता राहण्याचा हक्क दिला तर भाडे घेण्याचा अधिकार त्यात गृहीत धरता येत नाही. एखादे मूल तिच्याआधी वारल्यास त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना जाईल.