व्हिडिओ कॉल तुटतोय? स्पीड टेस्ट बघत बसू नका, या चुका टाळा

कॉल अडकायला लागला की जो तो आधी स्पीड टेस्ट लावतो, ९० एमबीपीएस आले की म्हणतो नेट तर मस्त आहे, मग ॲपच भंगार असणार. ही चूक बघून बघून मला खरंच वैताग आलाय. ग्रुपमधल्या साध्या एचडी कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, त्यामुळे ९० असले काय आणि ३०० असले काय, फरक पडत नाही. कॉलला पॅकेट वेळेवर आणि एका लयीत पोचायला हवीत, आणि ते सांगणारे आकडे तीनच. लेटन्सी म्हणजे पॅकेटला जाऊन यायला लागणारा वेळ, जिटर म्हणजे तो वेळ किती कमीजास्त होतो ते, आणि पॅकेट लॉस म्हणजे वाटेत किती गळाली.

हे आकडे कॉल चालू असतानाच बघायचे. झूममध्ये सेटिंग्जमधे Statistics आहे, तिथे ऑडिओ आणि व्हिडिओचे वेगवेगळे मिळतात. ढोबळ हिशोब असा: लेटन्सी १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर ४० च्या आत, लॉस २ टक्क्यांच्या आत, तर कॉल नीट चालायला हवा. सरासरीवर भरवसा ठेवू नका, सरासरी जिटर १५ असतो आणि मधेच २०० ची उडी येते, आवाज तुटतो तो त्या उडीत, कारण फार उशिरा आलेलं पॅकेट ॲप सरळ टाकून देतं.

आता माझ्या डोक्यात जाणारी सगळ्यात मोठी चूक: Send आणि Receive हे दोन कॉलम आहेत हेच लोक बघत नाहीत. Receive खराब असेल तर तुम्हाला समोरचे तुटक दिसतात, Send खराब असेल तर समोरच्यांना तुम्ही.

माझा मावसभाऊ डोंबिवलीत संध्याकाळी ऑनलाइन क्लास घेतो. मुलं म्हणायची, सर तुमचा आवाज कापतोय, आणि ह्याला मात्र सगळ्या मुलांचं नीट ऐकू यायचं. ह्याने घाई करून प्लॅन ६० चा १०० केला, काही फरक नाही. मी त्याला क्लास चालू असताना आकडे वाचायला लावले. Receive ला लॉस शून्य, Send ला ६ टक्के, लेटन्सी ४०० च्या वर. म्हणजे घोळ अपलोडचा, आणि वाढवलेला प्लॅन होता फक्त डाउनलोडचा, अपलोड आधीही ५ होता आणि नंतरही ५. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत पिंग लावले:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला स्वतःच्या राउटरला (पत्ता वेगळा असू शकतो, `ipconfig` मधलं Default Gateway बघा), दुसरा बाहेर. राउटर २-३ मिलिसेकंदांत उत्तर देत होता म्हणजे वायफाय ठीक, पण बाहेरचा एरवी २० असणारा आकडा ४५० वर. मी म्हटलं, "अरे, घरातलं कोण काय अपलोड करतंय ते बघ." वहिनी सात वाजता ऑफिसातून आल्या की त्यांचा फोन वायफायला लागायचा आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागायचा, ५ एमबीपीएसची लाइन भरली की बाकीची पॅकेट राउटरपाशी रांगेत थांबतात आणि रांगही भरली की गळतात. फोनचा बॅकअप थांबवला, अर्ध्या मिनिटात बाहेरचा पिंग परत २० वर आला. आता बॅकअप रात्री चालतो. घरी क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा असेल तर हाच प्रकार होतो, आणि तो थांबवता येत नसेल तर राउटरच्या QoS मध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८०-९० टक्क्यांवर बांधा.

उलट राउटरचाच पिंग २ वरून १५० वर उड्या मारत असेल किंवा Request timed out येत असेल तर कंपनीला फोन करून काही होणार नाही, तुमचं वायफाय आजारी आहे. मी अशा वेळी आधी केबलच लावतो. केबलने आकडे सुधारले की नक्की झालं, मग ५ गिगाहर्ट्झवर जा, नाहीतर राउटरजवळ बसा. बिल्डिंगमध्ये २.४ वर शेजारच्यांची इतकी गर्दी असते की तिथे चॅनल बदलत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरांतून जातं ते दाखवणाऱ्या `tracert` कमांडमध्ये मधल्याच एका टप्प्यावर तारे दिसले आणि पुढचे टप्पे स्वच्छ असले तर तो लॉस नाही, त्या टप्प्यावरचा राउटर फक्त `tracert` ला उत्तर देत नाहीये.

कॉल संपल्यावर पिंग मारून "आता तर चांगलं आहे" म्हणू नका, कॉल तुटत असतानाचा आकडा हवा.

राउटर आधीच रिस्टार्ट करू नका, पुरावा जातो.

आणि तिन्ही आकडे स्वच्छ असूनही चित्र अडकत असेल तर नेटला सोडा, टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू १०० टक्क्यांना टेकला असेल तर आधी बॅकग्राउंड ब्लर बंद करा, मग क्रोमचे टॅब.