कॉम्पिटन्सी डेकवरून मुलाखतीची प्रश्नपेढी आणि गुणांच्या टिपा कशा बनवाव्यात

गोव्यातल्या हॉटेलांत ऑक्टोबरचा सीझन सुरू व्हायच्या आधी भरतीची घाई उडते. एचआरकडे वरून एक कॉम्पिटन्सी डेक, म्हणजे त्या पदाला लागणाऱ्या क्षमतांच्या स्लाइड्स, येतो आणि ‘यावरून मुलाखतीचे प्रश्न काढा’ असं सांगितलं जातं. हे काम मी बऱ्याच वेळा केलं आहे. त्यावर मिळणारा सल्ला बहुतेक प्रश्नांबद्दलच असतो, पण खरी मेहनत लागते ती गुणांच्या टिपांना, म्हणजे कुठल्या उत्तराला किती गुण द्यायचे हे सांगणाऱ्या ओळींना. प्रश्न चांगला असूनही टीप पोकळ असेल, तर पॅनेलवरचा प्रत्येक जण आपल्या मनातला माणूस शोधत बसतो.

उदाहरण म्हणून फ्रंट ऑफिसच्या ड्युटी मॅनेजरची जागा घेऊ.

आधी डेक वाचा आणि छाटा. डेकमध्ये सात-आठ कॉम्पिटन्सी असतात, मुलाखत पाऊण तासाची असते. एका प्रश्नाला उपप्रश्नांसकट सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे चार कॉम्पिटन्सी आणि पाच प्रश्न यापलीकडे काही मावत नाही. माणूस कामाला लागल्यावर महिन्याभरात जे शिकवता येतं, ते मुलाखतीतून काढून टाका. जे नुसतं माहितीचं आहे तेही बाजूला काढा. परदेशी पाहुणा आल्यावर त्याची माहिती सरकारकडे किती तासांत कळवायची, याचं उत्तर ‘चोवीस’ इतकंच आहे. असे प्रश्न एका वेगळ्या छोट्या कागदावर घ्या आणि त्यांना बरोबर किंवा चूक एवढीच खूण करा.

प्रश्न लिहिणं सोपं आहे. घडलेला प्रसंग विचारा, एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा, आणि प्रत्येक कॉम्पिटन्सीसाठी एकाच तोलाचे तीन प्रश्न तयार ठेवा. तीन अशासाठी, की गोवा लहान आहे. सकाळी मुलाखत देऊन गेलेली मुलगी आणि दुपारी येणारा मुलगा कुठल्यातरी जुन्या हॉटेलात एकत्र काम केलेले निघतात.

आता टिपांकडे येऊ. माझ्या पहिल्या पेढीत प्रत्येक प्रश्नाखाली तेच लिहिलं होतं: ५ म्हणजे उत्कृष्ट उत्तर, ३ म्हणजे समाधानकारक, १ म्हणजे असमाधानकारक. डेकमधल्या ‘तक्रार सहानुभूतीने व तत्परतेने हाताळतो’ या ओळीवरून मी विचारलं होतं की पक्कं बुकिंग असलेला पाहुणा आला आणि द्यायला खोलीच नव्हती, असा प्रसंग सांगा. एका उमेदवाराने सांगितलं, ‘रात्री एक वाजता कुटुंब आलं, लहान मूल झोपलेलं होतं. मी सरळ समुद्राकडचा सुइट उघडून दिला, जादा पैसे घेतले नाहीत.’ फ्रंट ऑफिसच्या मॅनेजरने त्याला ५ दिले. शेजारी बसलेल्या रेव्हेन्यूच्या माणसाने २ दिले, कारण त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न आला की तो सुइट दुसऱ्या दिवशी कुणाच्या नावावर होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. वाद अर्धा तास चालला, शेवटी सरासरी काढली गेली आणि त्या सरासरीला काहीही अर्थ नव्हता.

चूक माझ्या टिपेची होती. दोन वागणुकी समर्थनीय असतील, तेव्हा आपल्या हॉटेलला त्यातली कुठली हवी आहे हे टिपेने आधीच ठरवून दिलं पाहिजे. डेक हे कधीच ठरवत नाही, कारण तो विशेषणांत बोलतो. म्हणून टिपा डेकवरून लिहू नका. डेकवरून फक्त मथळा घ्या आणि टिपेचा मजकूर कामावरच्या माणसांकडून आणा.

मी असं करते. तीन-चार अनुभवी ड्युटी मॅनेजर आणि त्यांचे एक-दोन वरिष्ठ यांच्याशी एकेकट्याने बोलते. सगळ्यांना एकत्र बसवलं, तर जो आधी बोलतो त्याचंच बाकीचे म्हणतात. दोनच गोष्टी विचारते: गेल्या सीझनमध्ये कुणी असं काय केलं की तुम्हाला वाटलं, हा माणूस या खुर्चीवर हवा? आणि कुणी असं काय केलं की वाटलं, याला रात्रपाळी देऊ नये? नावं घेत नाही, पण घडलं काय ते क्रियापदांत उतरवते. ‘जबाबदार आहे’ असं कुणी म्हणालं तर विचारते, ‘म्हणजे त्याने नेमकं काय केलं?’ मग उत्तर येतं: ‘संध्याकाळी सहाला अरायव्हल लिस्ट बघून दोन खोल्या कमी पडणार हे त्याने ओळखलं आणि शेजारच्या हॉटेलात दोन खोल्या धरून ठेवल्या.’ असं एक वाक्य डेकमधल्या अख्ख्या स्लाइडपेक्षा कामाचं असतं.

प्रत्येक प्रसंग वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. एका कॉम्पिटन्सीला पाच-सहा, अशा वीस-पंचवीस चिठ्ठ्या होतात. आता ती पायरी येते जी बहुतेक लोक गाळतात: चिठ्ठ्या मिसळा आणि त्या लिहिण्यात ज्यांचा हात नव्हता अशा पाच जणांना द्या. प्रत्येकाने एकट्याने सांगायचं, ही चिठ्ठी कुठल्या कॉम्पिटन्सीची आणि १ ते ५ मध्ये तिला किती गुण. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडल यांनी परिचारिकांच्या कामाचं मोजमाप करण्यासाठी १९६३ मध्ये ती मांडली. कामावरच्या माणसांच्या शब्दांतलं वर्णन दुसऱ्या गटाला परत त्याच जागी ठेवता आलं, तरच ते वर्णन स्पष्ट आहे, असा तिचा पाया आहे.

माझा नियम असा: पाचांपैकी चौघांनी चिठ्ठी एकाच कॉम्पिटन्सीखाली ठेवली नाही तर ती रद्द. गुणांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर ती पुन्हा लिहायची. ‘पाहुण्याशी हसतमुखाने बोलली’ ही चिठ्ठी माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ढिगांत गेली होती. ती मला फार आवडायची, पण काढून टाकली. सुइटची चिठ्ठीही इथेच फुटली, कुणी २ दिले तर कुणी ५. अशी चिठ्ठी सरासरी काढून मिटवू नका, ती जनरल मॅनेजरकडे न्या. आमच्याकडे ठरलं ते असं: पाहुण्याच्या पूर्ण मुक्कामाच्या तारखांना तो सुइट मोकळा आहे हे तपासून आणि लॉगबुकात लिहून दिला, तर चांगलं. न तपासता दिला तर दोनच्या वर नाही.

त्यानंतर टीप अशी झाली.

५: पाहुणा यायच्या आधीच खोली कमी पडणार हे ओळखलं आणि पर्याय धरून ठेवला. पाहुण्याला स्वतः सांगितलं. टॅक्सी आणि त्या रात्रीचं भाडं कोण देणार हे तिथेच स्पष्ट केलं. परत कधी आणणार ते सांगितलं आणि पुढच्या शिफ्टसाठी नोंद ठेवली.

३: पाहुणा काउंटरवर आल्यावर कळलं. त्याला बसवून पर्याय शोधला आणि तो सापडला, पण खर्चाचं काय हे वरिष्ठांना विचारेपर्यंत पाहुणा ताटकळला किंवा पुढच्या शिफ्टला काही कळलं नाही.

१: दोष रिझर्व्हेशनवर किंवा बुकिंग साइटवर ढकलला, नाहीतर ‘थांबा, बघतो’ म्हणून पाहुण्याला ठोस काही न सांगता ठेवलं.

२ आणि ४ साठी वेगळा मजकूर लिहू नका. खालच्या टिपेपेक्षा बरं पण वरच्या टिपेतलं काही राहिलं, तर मधला आकडा. सुइटसारखा एखादा खास निर्णय मात्र टिपेखाली स्वतंत्र ओळीत लिहा. पाचही आकड्यांना परिच्छेद दिले की मुलाखत घेणारा वाचतच नाही आणि सगळ्यांना ३ देऊन मोकळा होतो.

टिपेत आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे काय मोजायचं नाही. आपल्याकडे याची फार गरज आहे. सत्तरी-पेडण्याकडची मुलं-मुली कोकणीत किंवा मराठीत प्रसंग नेमका सांगतात, इंग्रजीत सांगायला लावलं की तीन वाक्यांत संपवतात. मग सफाईने इंग्रजी बोलणाऱ्याला चारही कॉम्पिटन्सींत जास्त गुण पडतात आणि पॅनेलला ते जाणवतही नाही. ड्युटी मॅनेजरला इंग्रजी यायला हवंच. त्याची चाचणी वेगळी घ्या आणि गुणही एकदाच द्या. बाकीच्या प्रश्नांखाली मी ठळक लिहिते: ‘उत्तर कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी कुठल्याही भाषेत चालेल. भाषेला गुण नाहीत.’

तसंच ‘आम्ही’चं. आपली माणसं स्वतः केलेल्या कामालाही ‘आम्ही केलं’ म्हणतात, ‘मी मी’ करणं बरं दिसत नाही म्हणून. पुस्तकी सल्ला सांगतो की ‘आम्ही’ म्हणणाऱ्याने स्वतः काही केलेलं नसतं, त्याचे गुण कापा. हा सल्ला इथे घातक आहे. गुण कापण्याआधी विचारायचा उपप्रश्न टिपेतच छापून ठेवा: ‘त्यातलं तुमच्या हातून काय झालं?’ दुसरा उपप्रश्न गोष्ट रंगवून सांगणाऱ्यासाठी: ‘तेव्हा किती वाजले होते, आधी फोन कुणाला केलात, लॉगबुकात काय लिहिलंत?’ ज्याने ते केलेलं असतं तो एखादा तपशील चुकेल, पण त्याच्याकडे तपशील असतात. ऐकीव गोष्ट सांगणारा पुन्हा सर्वसाधारण बोलायला लागतो.

पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना ड्युटी मॅनेजरच्या खालच्या पदासाठी घेत असाल, तर त्यांच्याकडे घडलेला प्रसंग नसतो. त्यांना ‘समजा असं झालं’ म्हणून विचारा, पण त्यासाठी टीप वेगळी करा. काय करीन हे सांगणं आणि केलेलं सांगणं एकाच पट्टीने मोजू नका.

पेढी वापरण्याआधी दोन चालू कर्मचाऱ्यांवर चालवून बघा, एक मुरलेला आणि एक नवा. दोघांच्या संमतीने, आणि कागद तिथेच फाडून टाकायचा. दोघांना सारखेच गुण पडले तर तो प्रश्न माणसं वेगळी करत नाही, तो बदला.

मुलाखतीत प्रत्येक उत्तरानंतर लगेच, आपापसांत न बोलता गुण आणि ऐकलेलं एक वाक्य लिहायचं. चर्चा उमेदवार गेल्यावर.

प्रत्येक टिपेखाली तारीख घाला. कन्फर्मेशनच्या वेळी वरिष्ठांनी दिलेला शेरा मुलाखतीच्या गुणांशेजारी ठेवा. ज्याला ‘खोली नव्हती’च्या प्रश्नात ५ होते आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जो काउंटर सोडून मागच्या खोलीत गेला, त्याचं लिहून ठेवलेलं वाक्य पुन्हा वाचा. टिपेतली कुठली ओळ त्याला फसली ते तिथे सापडतं. ही दुरुस्ती मी जुलैत करते. तेव्हा खोल्या रिकाम्या असतात आणि ड्युटी मॅनेजरांना नव्या चिठ्ठ्यांसाठी बसायला वेळ मिळतो.