मित्राचे जोक पडतायत? सांगताना या चुका टाळा

आमच्या ग्रुपमधला एक मित्र वर्षभर पुण्यात मराठी ओपन माइक करतोय, म्हणजे नवशिके स्टेजवर येऊन आपले जोक करून बघतात तिथे, पाच मिनिटांचा स्लॉट असतो, चार मिनिटं झाली की आता आवर म्हणून मागून लाइट दाखवतात, आणि बऱ्याचदा तो लाइट येईपर्यंत हॉलमध्ये शांतताच असायची. आम्ही चार-पाच जण दर वेळी जायचो आणि त्याला कसं सांगायचं यात सगळ्या चुका करून झाल्यात, म्हणून लिहितोय. कोणाचा मित्र कट्ट्यावर किंवा ऑफिसच्या डब्याच्या टेबलवर जोक मारत असेल तरी हेच लागू आहे.

खोटं हसू नका

आम्ही सुरुवातीला हेच केलं. पहिल्या रांगेत बसायचं आणि त्याने श्वास घेतला की हसायचं. प्रेमापोटीच करत होतो पण त्यामुळे त्याचं मोठं नुकसान झालं, कारण कुठला जोक चालला आणि कुठला नाही हे कळायला त्याच्याकडे हसण्याशिवाय दुसरं काहीच नसतं आणि तेच आम्ही बिघडवून ठेवलं होतं. तीन महिने तो एक पडलेला जोक धरून बसला, का तर "तुम्ही लोक हसता की त्यावर". आता आम्ही वेगवेगळे बसतो आणि हसू आलं तरच हसतो. पहिले दोन शो त्याला ते लागलं, हे खरंय. त्यामुळे असं करणार असाल तर त्याला आधी सांगून ठेवा, अचानक गप्प बसू नका.

उतरल्या उतरल्या बोलू नका

स्टेजवरून खाली आलेला माणूस अजून थरथरत असतो. पार्किंगमध्ये हेल्मेट घालता घालता "भावा, मधलं जरा ताणलं गेलं" असं म्हटलं तर त्याला फक्त "तू पडलास" एवढंच ऐकू जातं. त्या रात्री चहा प्यायचा, दुसऱ्या कोणाच्या तरी सेटबद्दल बोलायचं. दुसऱ्या दिवशी विचारायचं, "कालचं रेकॉर्डिंग ऐकायचं का बसून?" नको म्हणाला तर विषय तिथेच थांबवायचा. आणि हे दोघातच, ग्रुपवर अजिबात नाही.

"मजा नाही आली" म्हणजे काहीच न सांगणं

"टायमिंग चुकतंय", "अजून शार्प कर" ही वाक्यंसुद्धा त्यातलीच, ऐकून माणूस नुसता खचतो, करायचं काय ते कळत नाही. रेकॉर्डिंग लावा आणि जिथे हसू आलं ती वेळ कागदावर लिहा, बस. त्याच्या एका सेटमध्ये पहिलं हसू 1 मिनिट 40 सेकंदाला होतं. ते त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं, मला काही म्हणावंच लागलं नाही.

मग प्रत्येक पडलेल्या जागी नक्की काय झालं ते ऐकायचं. पूर्ण शांतता असेल तर बहुतेक वेळा लोकांना गोष्टच नीट कळलेली नसते, सुरुवातीत नको ती माहिती जास्त झालेली असते. हसू सुरू होऊन अर्ध्यात मेलं असेल तर जोक बरा आहे, पण त्यावर त्याचंच पुढचं बोलणं चढलंय. आणि लोकांनी "अरेरे" केलं किंवा खुर्च्या सरकवल्या तर जोक कोणाला तरी लागलाय. तिन्हींवर इलाज वेगळा आहे, तिन्हींना एकच "जमलं नाही" म्हणून चालत नाही.

त्याचा एक जोक असा होता, जसा तो बोलायचा तसाच लिहितो: "तर काय झालं, माझे बाबा आहेत ना, ते रिटायर झाले मागच्या वर्षी, बँकेत होते ते, तर डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, मग आम्ही ट्रेडमिल घेतली सत्तावीस हजारांची, आणि आता आई त्याच्यावर टॉवेल वाळत घालते, म्हणजे असं सगळं चालू असतं आमच्याकडे."

रेकॉर्डिंगमध्ये "टॉवेल"ला दोन जण नाकातून हसलेले ऐकू येतात आणि लगेच "वाळत घालते, म्हणजे असं सगळं" त्यांच्यावर येऊन पडतं. ही मराठीतली खास अडचण आहे, आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द वाक्याच्या मधे अडकतो आणि त्याच्यामागे घालते, होता, म्हणाला अशी शेपूट राहते. लोक हसायला जातात आणि आपण अजून बोलतच असतो. यावर उपाय भाषेतच आहे, "काय, तर..." किंवा "कोण, तर..." असं करून तो शब्द शेवटी नेता येतो, नाहीतर क्रियापद आधी घ्यायचं.

त्याचा जोक तुम्ही लिहून देऊ नका

एकदा मी अख्खा जोक नवीन लिहून पाठवला होता. त्याने तो पाठ करून म्हटला आणि सपाट पडला, कारण ती वाक्यं माझ्या तोंडची होती, तो तसं बोलतच नाही. वर त्याला वाटलं की आपल्याला हेही जमत नाही. म्हणून ट्रेडमिलच्या वेळी मी फक्त दोन प्रश्न विचारले. यातलं काय काढलं तरी गोष्ट कळेल? आणि लोक कुठल्या शब्दाला हसले? त्याने स्वतःच बँक काढली, रिटायरमेंट काढली. मग थोडा वेळ "वाळत, वाळत" असं पुटपुटला आणि म्हणाला, थांब, बाबा पण वाळायला पाहिजे होते ना! पुढच्या वेळी स्टेजवर तो जोक असा आला: "बाबा वाळावेत म्हणून आम्ही सत्तावीस हजारांची ट्रेडमिल आणली. सहा महिने झाले. वाळतायत काय, तर टॉवेल." आणि तोंड बंद. आमच्या ओळखीचे नसलेले लोक हसले, मागच्या रांगेपर्यंत.

एका बैठकीत एवढा एकच जोक घ्या. पाच मिनिटांचा पूर्ण सेट सोलत बसलात तर तो पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच करणार नाही.

जोक कोणाला लागत असेल तर गोल गोल बोलू नका

इथे प्रश्न विचारत बसायचं नाही. त्याचा एक जोक ग्रुपमधल्याच एका मैत्रिणीच्या वजनावर होता आणि ती हॉलमध्ये बसलेली होती. मी सरळ सांगितलं, "हा काढ, ती हसली पण नंतर घरी जाईपर्यंत बोलली नाही." वाक्यरचना सुधारून ही गोष्ट सुटत नाही, आणि मित्राने नाही सांगितलं तर दुसरं कोण सांगणार.

"ऑडियन्सच डेड होता" म्हणाला तर

वाद घालू नका, कारण कधी कधी ते खरं असतं. बुधवारी रात्री बारा लोकांत, त्यातले आठ स्वतः आपल्या नंबरची वाट बघत कागद वाचणारे, तिथे चांगला जोकही पडतो. रेकॉर्डिंग त्याच्या सेटच्या आधीपासून चालू ठेवायला सांगा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या माणसाला हसू मिळालंय का ते ऐका. दोघांनाही नसेल मिळालं तर जोकला हात लावू नका, अजून दोन वेगळ्या ठिकाणी तसाच म्हणू दे. दोघांनाही मिळालं असेल तर तेवढा तुकडा त्याला ऐकवा आणि काही न बोलता कागद-पेन त्याच्याकडे सरकवा.