या चुका टाळा: पासवर्डची यादी शीटमधून हलवताना

नाशिकच्या माझ्या मामांनी २०१६ पासून गूगल शीटमध्ये पासवर्डची यादी ठेवली होती. निवृत्तीनंतर पेन्शनचे पोर्टल, वीजबिल, आयकर, दोन ई-मेल, विमा असे करत ४१ नोंदी झाल्या होत्या. ती यादी पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड सांकेतिक रूपात जपणाऱ्या तिजोरीत, हलवून देण्यासाठी मी दोन दुपारी त्यांच्याकडे बसलो. मला वाटले होते त्यापेक्षा धोका यादीत कमी आणि तिच्या मागे उरलेल्या खुणांमध्ये जास्त होता.

शीट उघडल्यावर मी आधी Share हे बटण दाबले. मामांच्या अंदाजाने यादी फक्त मुलाला आणि मुलीला दिसत होती. प्रत्यक्षात एका वर्षी विवरणपत्र भरून देणाऱ्या सल्लागाराचे नावही तिथे होते, तेही बदल करण्याच्या अधिकारासह. शिवाय असा अधिकार असलेल्या माणसाला Version history मधून जुन्या आवृत्त्याही पाहता येतात. मामांनी तीन वर्षांपूर्वी ‘नको’ म्हणून पुसलेली बँकेची ओळ तिथे जशीच्या तशी होती. चौकटीतले अक्षर पुसले म्हणजे ते नाहीसे झाले, हा समज इथे चुकतो. स्तंभ लपवणे किंवा एक्सेलमध्ये शीटला Protect Sheet लावणे यानेही काही साधत नाही, कारण ती सोय केवळ चुकून होणारे बदल रोखते आणि मजकूर सांकेतिक रूपात बदलत नाही. फाइल उघडण्यासाठीच पासवर्ड लावणारी Encrypt with Password ही सोय त्याहून बरी आहे. तरीही तीच फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून पासवर्ड पुढच्याच संदेशात लिहिणारी घरे मी पाहिली आहेत.

म्हणून हलवण्याआधी सर्वांची वाटणी बंद करावी. मात्र कोणी आधीच प्रत उतरवून घेतली असेल तर ती परत घेता येत नाही. सगळे पासवर्ड बदलावेच लागतात ते याच कारणाने. नुसती यादी हलवून थांबणे ही मला सर्वांत महागाची चूक वाटते. आणखी एक अट: ज्या संगणकावर अनोळखी प्रोग्राम चढवले गेले असतील किंवा व्हायरसची शंका असेल, त्यावर हे काम करू नये. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम असल्याच फाइली शोधतात आणि नवी तिजोरीही त्याच कळफलकावरून उघडली जाते. २०१४ मध्ये सोनी पिक्चर्सवरील हल्ल्यात बाहेर आलेल्या फाइलींमध्ये तर Password याच नावाचा फोल्डर होता.

मामांसाठी आम्ही Bitwarden हा पासवर्ड मॅनेजर निवडला. मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच शब्दांचा केला आणि कागदावर लिहून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवला, कारण हा पासवर्ड विसरल्यास कंपनी तो परत देऊ शकत नाही. त्याच कागदावर दुहेरी पडताळणीचा रिकव्हरी कोडही लिहिला. हा कोड फक्त तिजोरीत ठेवला, तर फोन हरवलेल्या दिवशी किल्ली कुलपाच्या आत राहते. मुख्य पासवर्ड मजबूत का हवा, याचे उत्तर लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरच्या २०२२ च्या प्रकरणात आहे. तिथे ग्राहकांच्या सांकेतिक तिजोऱ्याच चोरीला गेल्या. अशी तिजोरी हाती आल्यावर चोराला निवांतपणे अंदाज लावत बसता येते आणि दुबळा मुख्य पासवर्ड त्यापुढे टिकत नाही.

खरी गडबड यादी तिजोरीत नेण्यासाठी CSV, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, बनवताना झाली. गूगल शीटमधून CSV उतरवली की फक्त समोर उघडी असलेली शीट उतरते. मामांच्या फाइलमध्ये ‘जुने’ नावाची दुसरी शीट होती, तिच्यातल्या सहा नोंदी मागे राहिल्या. संख्या मोजली म्हणून हे लक्षात आले: ४१ हव्या होत्या, आल्या ३५. दुसरी अडचण अधिक फसवी होती. उतरवलेली फाइल ‘एकदा पाहू’ म्हणून मी एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली. पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड 00471925 होता, तो 471925 झाला. सोळा अंकी ग्राहक क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते. एका पासवर्डची सुरुवात = या चिन्हाने होती, तो सूत्र समजला गेला. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जात असेल, तर आधी हीच शंका घ्यावी आणि वारंवार प्रयत्न करून खाते बंद पाडून घेऊ नये. मूळ शीट पुसलेली नव्हती, म्हणून आम्हाला पुन्हा उतरवता आली.

CSV एक्सेलऐवजी नोटपॅडमध्ये उघडावी. Bitwarden ला लागणारी मांडणी अशी असते:

```
folder,favorite,type,name,notes,fields,reprompt,login_uri,login_username,login_password,login_totp
,,login,पेन्शन,,,0,https://example.com,mama,00471925,
```

पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल तर तो पूर्ण पासवर्ड दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा, नाहीतर पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात. फाइल UTF-8 मध्ये सेव्ह करावी, म्हणजे ‘वीजबिल’ या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे येत नाहीत. आयात झाल्यावर नोंदी मोजाव्यात, मग पाच-सहा नोंदी निवडून खरोखर प्रवेश करून पाहावा. त्यात शून्याने सुरू होणारी, चिन्हे असलेली आणि मराठी नावाची अशा नोंदी असाव्यात. एवढे झाले की CSV लगेच Shift+Delete ने काढून टाकावी. डाउनलोड फोल्डर क्लाउडशी जोडलेला असेल तर तिथली प्रत आणि तिथला कचराही तपासावा. ही उघडी फाइल आठवडाभर पडून राहिली, तर शीटपेक्षा वाईट अवस्था होते.

पासवर्ड बदलताना सुरुवात ई-मेलपासून करावी, कारण बाकी बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलात का’ हा दुवा तिथेच येतो. मामांच्या ई-मेलमध्ये रिकव्हरीसाठी दिलेला फोन नंबर जुना, बंद झालेला होता, तो आधी दुरुस्त करावा लागला. नंतर बँक, आयकर, पेन्शन आणि शेवटी बाकीची खाती. प्रत्येक ठिकाणी ‘इतर सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ असा पर्याय असेल तर तो वापरावा, कारण पासवर्ड बदलला तरी आधीपासून उघडे असलेले खाते कधीकधी उघडेच राहते. यूपीआय पिन आणि एटीएम पिन मात्र नव्या तिजोरीतही घालू नयेत. बदलताना एखाद्या बँक खात्यात अनोळखी व्यवहार दिसला, तर काम थांबवून आधी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला, “अरे, वीजबिलाचा नवा पासवर्ड चालत नाही.” तिजोरीत नोंद बरोबर होती. क्रोममध्ये जुना पासवर्ड साठवलेला होता आणि तोच आपोआप भरला जात होता. क्रोमची पासवर्ड साठवण्याची सोय बंद केली, तिथल्या जुन्या नोंदी काढल्या, तेव्हा ते थांबले.

मूळ शीट आम्ही सर्व ४१ पासवर्ड बदलून झाल्यावर काढली आणि गूगल ड्राइव्हचा Trash स्वतः रिकामा केला, कारण तिथे फाइल ३० दिवस राहते. फोनच्या व्हॉट्सॲप फोल्डरमध्ये २०१९ ची एक एक्सेल प्रत निघाली, तीही पुसली. त्यातला एक जुना पासवर्ड मी मामांकडून मुद्दाम पेन्शनच्या पोर्टलवर एकदा टाकून घेतला आणि पोर्टलने तो नाकारल्यावरच काम पूर्ण झाले असे मानले.