चेक बाउन्सची केस पुण्यात की नागपुरात? ऑनलाइन निवाडे शोधताना चकवणारी एक जागा

ज्युनिअर म्हणून ऑफिसला जायला लागलं की एक काम लवकरच वाट्याला येतं: “यावर एखादं रूलिंग काढून ठेव.” कॉलेजात डेटाबेस कसा उघडायचा हे दाखवलेलं असतं. पण समोर हजारो निकालांची यादी आली की त्यातला कोणता उचलायचा, हे कुणी शिकवलेलं नसतं. मी त्या यादीसमोर पुष्कळ रात्री काढल्या आहेत, म्हणून सगळं सांगत न बसता एकच प्रश्न घेऊन तो शेवटपर्यंत नेते. लॉगिन, फिल्टर वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

प्रश्न रोजचा आहे. पुण्याच्या व्यापाऱ्याने नागपूरच्या ग्राहकाला माल दिला. ग्राहकाने आपल्या नागपूर शाखेचा चेक दिला. व्यापाऱ्याने तो पुण्यातल्या स्वतःच्या खात्यात भरला आणि खात्यात पुरेशी रक्कम नाही या शेऱ्यासह तो परत आला. नोटीस गेली, ती मिळून पंधरा दिवस झाले, पैसे आले नाहीत. आता कलम १३८ची फिर्याद पुण्यात लावायची की नागपुरात?

बहुतेक जण शोधखिडकीत cheque bounce jurisdiction असं टाकतात. निकाल भरपूर येतात, पण त्यांचा उपयोग कमी होतो. “चेक बाउन्स” हे आपण बोलतो. न्यायमूर्ती लिहितात dishonour of cheque आणि territorial jurisdiction. म्हणून आधी प्रश्न कोर्टाच्या भाषेत आणावा लागतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे शब्द थेट कायद्याच्या कलमातून घेणं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १४२ बेअर अॅक्टमध्ये उघडा. त्याच्या पोटकलम (२)(अ) मध्ये एक शब्दसमूह आहे. इंडियन कानूनवर तो असा टाकता येतो:

```
"delivered for collection through an account" doctypes: supremecourt
```

अवतरणचिन्हं विसरू नका. ती नसतील तर हे शब्द सुटे सुटे शोधले जातात आणि पुन्हा तोच ढीग समोर येतो. अवतरणात टाकल्यावर मात्र ज्या निकालांत हे कलम उद्धृत झालं आहे तेच प्रामुख्याने वर येतात. हा शब्दसमूह २०१५च्या दुरुस्तीने कायद्यात आला, त्यामुळे जुन्या स्थितीवरचे निकाल आपोआप गळतात. सुचलेल्या कीवर्डपेक्षा कलमातला कीवर्ड नेहमी चांगला, असं माझं ठाम मत आहे. हायकोर्टाचे निकाल हवे असतील तर supremecourt च्या जागी bombay टाका. दुसऱ्या डेटाबेसवर ही चिन्हं वेगळी असतील; तिथलं मदतीचं पान एकदा नीट वाचा, त्यात गेलेला वेळ वाया जात नाही.

आता मुख्य चकव्याकडे येते. इथे मी रेंगाळणार आहे, कारण नवीन माणूस हमखास इथेच फसतो आणि फसल्याचं त्याला कळतही नाही.

समजा तुम्ही कलमातले शब्द न वापरता territorial jurisdiction आणि section 138 टाकलं आणि यादी “सर्वाधिक उद्धृत” अशी लावली. तर दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (२०१४) ९ एससीसी १२९, अगदी वरच्या निकालांत दिसेल. १ ऑगस्ट २०१४चा, तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल. हेडनोट वाचली तर उत्तर स्वच्छ मिळतं: ज्या शाखेवर चेक काढला आहे ती जिथे असेल, तिथल्याच कोर्टाला अधिकार. म्हणजे नागपूर. त्याच हेडनोटमध्ये हेही कळतं की १९९९चा के. भास्करनचा निकाल यात मोडीत निघाला. भास्करनमध्ये चेक काढणं, तो वटवायला टाकणं, तो परत येणं, नोटीस आणि पैसे न देणं या पाच गोष्टींपैकी कोणतीही जिथे घडली तिथे फिर्याद लावता येत होती.

सावध ज्युनिअर इथे थांबत नाही, तो साइटेटर बघतो. दशरथचा निकाल पुढे कुणी फिरवला का? तर नाही. कोणत्याही मोठ्या पीठाने तो रद्दबातल ठरवलेला नाही. लाल खूण दिसत नाही, उलट “अनुसरला” असे शेरे ओळीने दिसतात. तीन न्यायमूर्ती, सुप्रीम कोर्ट, इतके उल्लेख, लाल खूण नाही. आणखी काय हवं? फिर्याद नागपूरला टाइप होते.

आणि ती चुकीच्या कोर्टात जाते. दशरथचा निकाल कोर्टाने नाही, संसदेने मागे टाकला. जून २०१५मध्ये वटहुकूम आला, नंतर २०१५चा अधिनियम २६, आणि तो १५ जून २०१५पासून लागू झाला. त्याने कलम १४२ला पोटकलम (२) जोडलं: चेक खात्यामार्फत वसुलीसाठी दिला असेल तर घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथलं कोर्ट. म्हणजे आपल्या प्रश्नात पुणे.

साइटेटर मुळात काय मोजतो हे इथे लक्षात घ्या. एका निवाड्याने दुसऱ्या निवाड्याचं काय केलं, एवढंच तो सांगतो: अनुसरला, वेगळा ठरवला, शंका घेतली, मोडीत काढला. कायदा बदलला तर कुणा न्यायमूर्तीने दशरथला हात लावलेला नसतो, त्यामुळे नोंदीला काही घडलेलंच दिसत नाही. एखाद्या डेटाबेसच्या संपादकाने दुरुस्तीची टीप टाकली असेल तर तुमचं नशीब. त्यावर विसंबून फिर्याद लावू नका. “अनुसरला” या शेऱ्यांचंही तसंच. त्यांच्या तारखा बघा. २०१४च्या उत्तरार्धापासून २०१५च्या मध्यापर्यंतचे असतील, तर ते त्या काळापुरते बरोबर आहेत आणि तुमच्या पक्षकाराच्या कामाचे नाहीत.

मग हे ओळखायचं कसं? दोन तपासण्या पुरतात आणि दोन्ही फुकट आहेत. पहिली: इंडिया कोडवर कलमाचा आजचा मजकूर उघडून तळटीप वाचा. पोटकलम कोणत्या अधिनियमाने आणि कधीपासून घातलं, हे तिथे असतं. ती तारीख तुमच्या निकालाच्या तारखेनंतरची असेल, तर तो निकाल जुन्या कलमावरचा आहे. अजून किती शिल्लक आहे ते पाहिल्याशिवाय वापरायचा नाही. दुसरी: साइटेटरमधली यादी नवीन आधी अशी लावा आणि वरचे चार-पाच निकाल उघडून त्यात दशरथबद्दल काय लिहिलंय ते वाचा. “दुरुस्तीपूर्वीची स्थिती अशी होती” अशा अर्थाचं वाक्य दिसलं की समजायचं.

याच वाटेने ब्रिजस्टोन इंडिया विरुद्ध इंदरपाल सिंग, (२०१६) २ एससीसी ७५, हाती लागतो. त्यात चेक चंदीगडच्या शाखेवरचा होता आणि इंदूरच्या खात्यात भरला होता. सुप्रीम कोर्टाने दुरुस्तीचा आधार घेऊन इंदूरच्या कोर्टाला अधिकार असल्याचं सांगितलं. चंदीगडच्या जागी नागपूर आणि इंदूरच्या जागी पुणे वाचा; वस्तुस्थिती आपल्या प्रश्नाशी इतकी जुळते. जवळचा निकाल म्हणतात तो असा, आणि तो उल्लेखांच्या संख्येवरून कधीच सापडला नसता.

आता समोरचा वकील उठून म्हणेल, ब्रिजस्टोन दोन न्यायमूर्तींचा, दशरथ तीन न्यायमूर्तींचा. छोटं पीठ मोठ्याला कसं ओलांडेल? घाबरू नका. ब्रिजस्टोनने दशरथला ओलांडलेलं नाही, तो कायद्यातल्या बदलावर उभा आहे. शिवाय त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १४२अ मध्ये “कोणत्याही न्यायालयाचा निवाडा काहीही असला तरी” या अर्थाचे शब्द आहेत. म्हणून कोर्टात आधी कलम दाखवा, मग निकाल. मला वाटतं, आपल्याकडे उलटं करायची सवय लागली आहे आणि ती वाईट आहे.

हेडनोटबद्दल माझं म्हणणं कडक आहे. हेडनोट संपादक लिहितात, ती निवाड्याचा भाग नसते. तिचा उपयोग एकच: कोणता परिच्छेद वाचायचा हे शोधणं. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी परिच्छेद क्रमांक असतो, तिथे जा आणि मागचे-पुढचे दोन परिच्छेदही वाचा. कोर्टाने तिथे स्वतःचं मत दिलंय की एका बाजूचा युक्तिवाद नोंदवलाय, हे तेवढ्यानेच कळतं. दशरथच्या बाबतीत पुढचं वाचलं तर हेही दिसतं की पुराव्याच्या टप्प्यावर पोहोचलेल्या खटल्यांना कोर्टाने जिथल्या तिथे चालू ठेवलं होतं. ठळक अक्षरांतल्या ओळीवर थांबणाऱ्याला हे कळत नाही. परिच्छेद क्रमांक देताना रिपोर्टरचं नावही द्या. एससीसी आणि एआयआरमध्ये क्रमांक जुळतीलच असं नाही आणि न्यायाधीशांसमोर पानं उलटत बसायची वेळ येते.

सिनिअरनी तोंडपाठ सांगितलेलं सायटेशन आदराने लिहून घ्या, पण तपासल्याशिवाय लावू नका. त्यांची स्मरणशक्ती खरी असते. मधल्या काळात कायदा बदललेला असू शकतो. चांगला सिनिअर तपासल्याबद्दल रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडे ड्राफ्टिंग शिका, संशोधन दुसरीकडे. आणि दुसऱ्याच्या लेखी युक्तिवादातून सायटेशनं उचलणं तर पूर्ण बंद करा. तो युक्तिवाद कोणत्या साली लिहिला होता, हे त्यावर ठळक लिहिलेलं नसतं.

एवढं वाचून दडपण येत असेल तर सांगते, हे सगळं सवयीने अर्ध्या तासात होतं. शिवाय दशरथ फेकून द्यायचा निकाल नाही. चेक खात्यामार्फत न देता वटवायला टाकला असेल, तर १४२(२)(ब) आजही काढणाऱ्याच्या शाखेकडेच बोट दाखवतं. जुना निकाल कोणत्या भागापुरता उरला आहे, हे कलम शेजारी ठेवूनच कळतं.

सध्या हीच अडचण फौजदारी कामात रोज येते. १ जुलै २०२४पासून दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. एफआयआर रद्द करण्यासाठीचं कलम ४८२ आता ५२८ आहे. फक्त ५२८ टाकून शोधलंत तर जुन्या संहितेखालची दशकांची रूलिंग्ज हातून जातात, आणि फक्त ४८२ टाकलंत तर नवी राहतात. इथेही क्रमांक सोडा, कलमातले शब्द घ्या. ते दोन्ही संहितांत तेच आहेत:

```
"abuse of the process of any Court" ANDD quashing doctypes: bombay
```

ANDD मोठ्या अक्षरांतच लिहा, आणि दोन डी.