रेझ्युमेतली एक ओळ: आधी आणि नंतर

स्क्रीनवरची पहिली ओळ वाचा. आमच्या गल्लीतल्या एका बीकॉम झालेल्या मुलीच्या रेझ्युमेतली आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या डिस्पॅचला तिने दोन महिने काम केलं. रेझ्युमे इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतोय.

आधी: टॉवेल कारखान्यात डेटा एंट्रीची जबाबदारी सांभाळली.

यातून काहीच कळत नाही. किती एंट्री, कशाची, कशात, आणि त्याचं पुढे काय झालं?

नंतर: रोजच्या सुमारे 40 डिस्पॅच चलनांची एक्सेलमध्ये नोंद, VLOOKUP ने ऑर्डरशी मेळ घालून न जुळणारी चलनं त्याच दिवशी बिलिंगला कळवली.

आता हा 40 आला कुठून, ते नीट ऐका, कारण पोरं इथेच अडकतात. कुणीतरी सांगतं की आकडा टाका, मग लिहितात ‘कार्यक्षमता 30 टक्क्यांनी वाढवली’. पुण्यात मुलाखतीला समोरचा शांतपणे विचारतो, “30 टक्के कशाचे? आधी किती होतं?” तिथे घाम फुटतो. मुलाखतीहून रात्रीच्या गाडीने सोलापूरला परतताना काय वाटतं, ते मला आजही आठवतं. म्हणून टक्केवारी नकोच. मोजता येईल तेच लिहा. त्या मुलीने चलन बुकातले पाच दिवस मोजले: 38, 44, 41, 36, 46. बेरीज 205, सरासरी 41. म्हणून ‘सुमारे 40’. कुणीही विचारलं तरी हा हिशोब तिला तोंडी सांगता येतो.

दुसरी गोष्ट. VLOOKUP लिहिलंत की त्यावर प्रश्न येऊ शकतो, हे धरून चाला.

```
=VLOOKUP(A2,Orders!A:D,4,FALSE)
```

शेवटचा FALSE कशाला? तो असला की A2 मधला ऑर्डर नंबर Orders शीटमधल्या नंबरशी तंतोतंत जुळला तरच उत्तर मिळतं. तो सोडला तर एक्सेल जवळपासचा नंबर धरतं आणि भलत्याच ऑर्डरची माहिती बिनदिक्कत दाखवतं. आणि नंबर डोळ्यांना सारखा दिसूनही #N/A आलं, तर बहुतेक वेळा एका शीटमध्ये तो टेक्स्ट म्हणून साठवलेला असतो. एवढं सांगता येत नसेल, तर VLOOKUP काढा आणि ‘ऑर्डर बुकाशी ताडून’ एवढंच लिहा. तीही चांगलीच ओळ आहे, घाबरू नका.

पैसे देऊन घेतलेल्या रंगीत टेम्प्लेटने यातलं काही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. सीनियरचा रेझ्युमे नाव बदलून वापरणं तर त्याहून वाईट. तुमच्या डिस्पॅचच्या सुपरवायझरला दहा मिनिटं विचारा, ‘मी नसतो तर हे काम कुणाला करावं लागलं असतं?’ त्याच्या उत्तरात तुमची ओळ सापडेल.

फक्त पार्टीचं नाव आणि रेट रेझ्युमेत घालू नका. ती कारखान्याची माहिती आहे.